पॅनेल लाईट लुकलुकतोय? फिटिंग बदलण्याआधी ड्रायव्हरवरचं लेबल वाचा

नुसता वॅट जुळवून चालत नाही. करंट आणि व्होल्टेज दोन्ही जुळले तरच जुनं पॅनेल पुन्हा नीट चालतं

बेळगाव : शहापूर भागातल्या एका शिवणकामाच्या दुकानात छताला सहा चौकोनी पॅनेल लाईट आहेत. पाच वर्षांपूर्वी पीओपी केलं तेव्हा सगळे एकदम बसवलेले, प्रत्येकी १८ वॅटचे. त्यातला नेमका शिलाई मशीनच्या डोक्यावरचा एक लुकलुकायला लागला. आधी बटण दाबल्यावर दोन-चार वेळा उघडझाप करून तो स्थिर व्हायचा. पुढे पंधरा-वीस दिवसांत सेकंदाला एकदा, घड्याळाच्या ठोक्यासारखी उघडझाप दिवसभर सुरू झाली. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याची टीप घालणाऱ्या माणसाला अशा उजेडात काम करणं शक्यच नव्हतं.

शेजारच्या मुलाने बाजारातून ‘१८ वॅटचा ड्रायव्हर’ आणून बसवला. पॅनेल उजळलंच नाही. मंद होऊन पुन्हा लुकलुकत राहिलं. मग सगळ्यांचं एकमत झालं, की पॅनेलच गेलं, नवीन फिटिंग घ्या. पण त्याच मापाचं पॅनेल आता दुकानांत मिळेना. नवीन आलेलं इंचभर लहान, त्यामुळे छतावर जुन्या फिटिंगचा डाग आणि स्क्रूची भोकं उघडी पडणार. प्रकाशाचा रंगही थोडा वेगळा. म्हणजे एकासाठी सहाही बदलायची पाळी.

शेवटी ओळखीचा एक वायरमन आला. जुना काढलेला ड्रायव्हर आणि नवीन आणलेला ड्रायव्हर त्याने शेजारी शेजारी धरले, दोन्हींवरची लेबलं वाचली आणि म्हणाला, “काकू, पॅनेल खराब नाही ओ. ड्रायव्हर चुकीचा आणलाय. वॅट बघून आणला, बाकीचं बघितलंच नाही.”

हे ‘बाकीचं’ म्हणजे काय, ते समजलं तर अशी बरीच पॅनेलं भंगारात जायची वाचतात.

पॅनेलच्या पोटात काय असतं

छताला वरून बसवायच्या पॅनेल लाईटमध्ये दोनच मुख्य गोष्टी असतात. एक म्हणजे अॅल्युमिनियमच्या पट्टीवर किंवा पत्र्यावर ओळीने चिकटवलेले बारीक पिवळे एलईडी. दुसरी म्हणजे काडेपेटीपेक्षा जरा मोठी, बहुतेक वेळा पांढऱ्या प्लॅस्टिकच्या डबीतली वस्तू. तोच ड्रायव्हर. घरात येणारी २३० व्होल्टची एसी वीज तो डीसी करतो आणि एलईडीला हवी तेवढीच देतो.

‘हवी तेवढीच’ यातच सगळं आलं. जुना पिवळा बल्ब २३० व्होल्ट दिले की स्वतःच लागेल तेवढा करंट ओढायचा. एलईडीचं तसं नाही. त्याच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज जरासं वाढलं, तरी करंट एकदम वाढतो आणि तो जळतो. म्हणून पॅनेलचा ड्रायव्हर व्होल्टेज नव्हे, तर करंट बांधून ठेवतो. समजा ३०० मिलिअँपिअर करंट ठरवून दिलेला आहे, तर ड्रायव्हर तेवढाच करंट सोडतो आणि त्यासाठी लागेल तसं व्होल्टेज आपोआप वर-खाली करतो. मिलिअँपिअरला दुकानदार ‘एमए’ म्हणतात, लेबलवरही तेच छापलेलं असतं. हजार एमए म्हणजे एक अँपिअर.

म्हणूनच स्ट्रिप लाईटला किंवा सीसीटीव्हीला लागणारा १२ व्होल्टचा अॅडॉप्टर पॅनेलला चालत नाही. तो व्होल्टेज बांधून ठेवतो, करंट नाही.

लुकलुकतं ते का

एलईडी स्वतः फार क्वचित अशी ठोक्यावर उघडझाप करतात. उघडझाप करतो तो बहुधा ड्रायव्हर. त्याच्या आत एक छोटी चिप असते आणि तिला स्वतःला चालायला थोडी वीज लागते. ती वीज एका बारीक कपॅसिटरमध्ये साठवलेली असते. या कपॅसिटरमधलं रसायन उष्णतेने वर्षानुवर्षं हळूहळू सुकत जातं. तापमान १० अंशांनी वाढलं, की कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा इलेक्ट्रॉनिक्समधला ढोबळ हिशेब आहे. पॅनेलच्या बंद डबीत, छताला चिकटून, रोज दहा-बारा तास तापणाऱ्या ड्रायव्हरचं पाचेक वर्षांत काय होत असेल, ते यावरून कळतं.

कपॅसिटर सुकला, की चिप सुरू होते, दिवा लागतो, पण साठवलेली वीज लगेच संपते आणि चिप बंद पडते. क्षणभराने कपॅसिटर पुन्हा भरतो, चिप पुन्हा सुरू होते. बाहेरून आपल्याला दिसते ती एकसारखी उघडझाप. सुरुवातीला फक्त बटण दाबल्यावर लुकलुकणं आणि पुढे दिवसभर लुकलुकणं, हा क्रम याच सुकत जाण्याचा आहे. शिवणकामाच्या दुकानात नेमकं हेच झालं होतं.

आधी खात्री करा : दोष ड्रायव्हरचाच आहे का?

ड्रायव्हर आणायला बाजारात जाण्याआधी तीन गोष्टी बघाव्या लागतात.

पहिली, दिवा लुकलुकतो कधी? बटण बंद असताना मधूनच झगझग करत असेल, तर दोष ड्रायव्हरचा नाही. लाल इंडिकेटर असलेल्या बटणातून किंवा फेजऐवजी न्यूट्रल तोडणाऱ्या वायरिंगमुळे थोडीशी वीज झिरपत राहते. ती ड्रायव्हरमध्ये साठते आणि पुरेशी साठली की दिवा एकदा चमकतो. इथे ड्रायव्हर कितीही बदलले तरी उपयोग नाही. बटण फेजच्या वायरीवर घ्यायचं किंवा इंडिकेटर काढायचा, हाच उपाय.

दुसरी, एकच दिवा लुकलुकतो की घरातले सगळे? पंखाही मंद होतो आणि तीन-चार दिवे एकदम खाली-वर होतात, तर मीटर, मेन स्विच किंवा न्यूट्रलचा जोड सैल असू शकतो. ते काम वायरमनचं, आणि ते लवकर करून घेणं बरं. सैल न्यूट्रलमुळे काही वेळा घरातल्या वस्तूंना जास्त व्होल्टेज जातं.

तिसरी, अख्खं पॅनेल लुकलुकतं की त्याचा एक भाग? एखादी ओळच अंधारी असेल आणि झाकण काढल्यावर एखाद्या एलईडीच्या पिवळ्या टिकलीवर मोहरीएवढा काळा ठिपका दिसत असेल, तर तो एलईडी जळलेला आहे. काही वेळा एलईडीचा टाका तापल्यावर सुटतो आणि गार झाल्यावर पुन्हा टेकतो. तेव्हा दिवा दहा-पंधरा मिनिटं नीट चालून मग जातो आणि थोड्या वेळाने परत येतो. ही उघडझाप ठोक्यावर नसते, मनाला येईल तशी असते. बोटांनी झाकण हलकं दाबल्यावर ती बदलत असेल, तर सैल जोडाचा संशय आणखी पक्का.

शहापूरच्या दुकानात वायरमनला सगळ्यात सोपी चाचणी करता आली, कारण सहाही पॅनेलं एकाच जातीची होती. त्याने मेन बंद करून शेजारच्या चांगल्या पॅनेलचा ड्रायव्हर काढला आणि बिघडलेल्या पॅनेलला लावला, जुना बिघडलेला ड्रायव्हर चांगल्या पॅनेलला लावला. मेन सुरू केल्यावर मशीनवरचं पॅनेल स्वच्छ उजळलं आणि शेजारचं लुकलुकायला लागलं. दोष ड्रायव्हरबरोबर सरकला, म्हणजे तो ड्रायव्हरचाच. पॅनेल निर्दोष सुटलं. घरात एकसारखी दोन पॅनेलं असतील, तर मल्टीमीटरपेक्षाही ही चाचणी भरवशाची.

मल्टीमीटर वापरायचाच असेल तर एक फसवणूक लक्षात ठेवायला हवी. पॅनेल न जोडता नुसत्या ड्रायव्हरच्या टोकांना मीटर लावला, तर चांगला ड्रायव्हरसुद्धा जास्त व्होल्टेज दाखवतो किंवा काटा खाली-वर करतो. भार नसल्यामुळे तो स्वतःला वाचवण्यासाठी बंद-चालू होत असतो. म्हणून मोजायचं ते पॅनेल जोडलेलं असताना.

लेबलवरचे दोन आकडे

आता मूळ प्रश्न. ड्रायव्हरच्या डबीवर दोन ओळी छापलेल्या असतात. इनपुटच्या ओळीत घरातली वीज असते, उदाहरणार्थ १०० ते ३०० व्होल्ट एसी. जुळवायची असते ती आउटपुटची ओळ. दुकानातल्या जुन्या ड्रायव्हरवर आउटपुट ५० ते ६५ व्होल्ट डीसी, ३०० एमए असं होतं. शेजारच्या मुलाने आणलेल्या नव्या ड्रायव्हरवर २५ ते ४० व्होल्ट डीसी, ४५० एमए.

दोन्ही ‘१८ वॅट’चे कसे? वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. नव्या ड्रायव्हरचे ४० व्होल्ट गुणिले ०.४५ अँपिअर बरोबर १८ वॅट. जुन्याचे ६० व्होल्ट गुणिले ०.३ अँपिअर, तेही १८ वॅट. गुणाकार एकच, आकडे वेगळे. दुकानात जाऊन नुसतं “१८ वॅटचा द्या” म्हटलं, की यातला कुठलाही हातात पडू शकतो.

जुळवणीचे नियम असे.

करंट तेवढाच हवा. ३०० एमएच्या पॅनेलला ३०० एमएचाच ड्रायव्हर. पाच टक्के इकडे-तिकडे चालतो, बऱ्याच लेबलवर तशी सूट छापलेलीच असते. अगदी तोच मिळाला नाही, तर थोडा कमी घ्यावा, जास्त कधीच नाही. २८० किंवा २५० एमएने उजेड थोडा कमी पडेल, पण एलईडी गार राहतील. उलट, व्होल्टेज जुळत असताना ४५० एमएचा लावला, तर पॅनेल पहिल्या दिवशी झकास दिसतं. दीडपट करंट जातो, दीडपटीहून अधिक तापतं आणि मग काही आठवड्यांत किंवा महिन्यांत एलईडीवर काळे ठिपके पडायला लागतात. ही चूक लगेच दिसत नाही, म्हणूनच ती जास्त महागात पडते.

व्होल्टेजचा पट्टा असा हवा, की पॅनेलचं स्वतःचं व्होल्टेज त्याच्या आत बसेल. दुकानातल्या पॅनेलचं व्होल्टेज वायरमनने चालू स्थितीत मोजलं, ते ५६ व्होल्ट भरलं. ५६ हा आकडा ५० ते ६५ मध्ये बसतो, ३६ ते ६५ मध्येही बसतो. २५ ते ४० मध्ये बसत नाही. म्हणून तो नवा ड्रायव्हर जोर लावून थांबायचा, पुन्हा जोर लावायचा, आणि पॅनेल मंद लुकलुकायचं. बिचाऱ्या पॅनेलचा काहीच दोष नव्हता.

पट्टा वरच्या बाजूला चुकला तरी तसंच होतं. समजा ८० ते १२० व्होल्टचा ड्रायव्हर या पॅनेलला लावला, तर बऱ्याच ड्रायव्हरमध्ये चिपला लागणारी वीज आउटपुटमधूनच येत असल्याने ती कमी पडते आणि चिप बंद-चालू होत राहते. म्हणजे नवा कोरा ड्रायव्हर लावूनही लुकलुक थांबली नाही, तर ‘पॅनेलच गेलं’ हा निष्कर्ष काढण्याआधी नव्या ड्रायव्हरचा पट्टा तपासावा.

वॅट सगळ्यात शेवटी बघायचा. करंट आणि व्होल्टेज जुळले, की तो आपोआप जुळतो. या पॅनेलचे खरे वॅट काढले तर ५६ गुणिले ०.३, म्हणजे १६.८. उरलेला साधारण सव्वा वॅट ड्रायव्हरमध्येच उष्णता होऊन जातो.

लेबल पुसलेलं असेल तर

पाच-सहा वर्षं तापलेल्या डबीवरची अक्षरं कधी कधी उडालेली असतात. दुसरं एकसारखं पॅनेल चालू असेल, तर त्याच्या ड्रायव्हरचं लेबल वाचावं. तेही नसेल, तर एलईडीच्या पट्टीवर बघावं. बऱ्याच वेळा तिथे किती एलईडी एकामागोमाग जोडलेत आणि अशा किती ओळी आहेत, ते बारीक अक्षरांत छापलेलं असतं.

या दुकानातल्या पॅनेलमध्ये ९० एलईडी होते. १८ एकामागोमाग आणि अशा ५ समांतर ओळी. साध्या पांढऱ्या एलईडीला चालताना तीन व्होल्टच्या थोडं वर लागतं. अठरा तिरक ५४, म्हणजे ५४ ते ५८ व्होल्टचा अंदाज. मोजलेले ५६ व्होल्ट यात चपखल बसतात. ३०० एमए पाच ओळींत वाटला गेला, की प्रत्येक ओळीला ६० एमए.

पण हा हिशेब अंदाजाचाच. काही एलईडीच्या एका टिकलीत दोन किंवा तीन चिप असतात, त्यांना सहा किंवा नऊ व्होल्ट लागतात. त्यामुळे नुसती टिकल्यांची संख्या मोजून ड्रायव्हर आणू नये. लेबल नाही, दुसरं पॅनेल नाही आणि पट्टीवर काही छापलेलं नाही, अशा वेळी पॅनेलच काढून दुरुस्तीवाल्याकडे न्यावं. त्याच्याकडे करंट कमी-जास्त करता येणारा सप्लाय असतो. त्यावर आधी कमी करंट देऊन तो व्होल्टेज मोजून सांगतो.

बदलताना

काम अर्ध्या तासाचं आहे, पण ते २३० व्होल्टचं आहे. वायरिंगचा हात नसलेल्याने वायरमन बोलवावा, आणि करून घेताना खालच्या गोष्टी बघाव्यात.

नुसतं बटण बंद करून भागत नाही. त्या लाईनचा एमसीबी पाडायचा. बटण चुकून न्यूट्रलवर असेल, तर दिवा बंद दिसूनही वायरीत फेज असतो. पॅनेल उतरवल्यावर दोन्ही वायरींना टेस्टर लावून पाहायचा. चौकोनी पॅनेलच्या कडेला बहुधा दोन स्क्रू असतात, गोल पॅनेल काही फिरवून तर काही खेचून पट्टीतून सुटतात. एका हाताने पॅनेल धरून दुसऱ्याने वायर सोडवणं स्टुलावर अवघड जातं, म्हणून खाली एक माणूस असावा.

स्वस्त पॅनेलमधल्या बहुतेक ड्रायव्हरमध्ये आउटपुटची बाजू घरातल्या विजेपासून पूर्ण तोडलेली नसते. लेबलवर ५६ व्होल्ट डीसी दिसतात म्हणून ‘हे काय करतंय’ असं वाटतं, पण जमिनीवर उभ्या माणसाला त्या वायरीतूनही २३० व्होल्टचा झटका बसू शकतो. चालू पॅनेलच्या एलईडी पट्टीला, पत्र्याला किंवा आउटपुटच्या उघड्या वायरीला हात लावू नये. मेन बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये थोडा वेळ चार्ज राहतो, म्हणून पाच मिनिटं थांबावं.

जुना ड्रायव्हर काढण्याआधी मोबाईलवर फोटो घ्यावा. आउटपुटची लाल वायर प्लसची, काळी मायनसची. उलटी जोडली तर पॅनेल लागणार नाही. ड्रायव्हरच्या टोकाची पिन जुन्यासारखीच असेल तर नुसती खोचायची. पिन वेगळी असेल, तर जुनी पिन वायरीसकट कापून नव्या ड्रायव्हरला जोडायची आणि जोडावर श्रिंक स्लीव्ह घालायची. नुसती चिकटपट्टी छताच्या उष्णतेत दोन उन्हाळ्यांत सुटते. विकत घेताना जुनी डबी सोबत न्यावी, कारण लांबी-जाडी जास्त असली तर ड्रायव्हर फिटिंगच्या आत मावत नाही. डबी एलईडीच्या पट्टीला दाबून बसवू नये, तिथेच ती सगळ्यात जास्त तापते.

आणि एक चूक हमखास होते. ड्रायव्हरला आधी वीज देऊन, “बघू चालतो का” म्हणत नंतर पॅनेलची पिन खोचली जाते. भार नसताना ड्रायव्हरचा कपॅसिटर वरच्या व्होल्टेजला भरून बसलेला असतो. पिन खोचताक्षणी तो सगळा चार्ज एलईडीत धडकतो आणि चांगले एलईडी जातात. क्रम नेहमी एकच : आधी पॅनेल ड्रायव्हरला जोडा, मग मेन सुरू करा.

नवा ड्रायव्हर घेताना डबीवर भारतीय मानक ब्युरोचं नोंदणी चिन्ह आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक आहे का, ते बघावं. एलईडी ड्रायव्हरसाठी ही नोंदणी देशभर सक्तीची आहे, मग खरेदी बेळगावात करा, कोल्हापुरात की पणजीत. ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाईल अॅपवर तो क्रमांक टाकून खरा की खोटा हे तपासता येतं.

ड्रायव्हर बदलूनही टिकला नाही तर

आकडे जुळवून लावलेला ड्रायव्हर दोन-तीन महिन्यांत पुन्हा लुकलुकला, तर कारण बाहेर असतं. पीओपीच्या बंद खोबणीत हवा खेळत नसेल, तर डबी तापून जाते. वळवाच्या पावसात वीज चमकताना किंवा गेलेली लाईट परत येताना मोठा झटका आला, तर त्या लाईनवरचे दोन-तीन ड्रायव्हर एकदम जातात. आणि पॅनेलमधल्या पाच ओळींपैकी एखादी बंद पडली असेल, तर ३०० एमए उरलेल्या चार ओळींत वाटला जातो. प्रत्येकीला ६० ऐवजी ७५ एमए. मग दुसरी ओळ जाते आणि पॅनेल खरोखरच संपतं. काळे ठिपके एकापेक्षा जास्त दिसले, तर ड्रायव्हरवर पैसे घालू नयेत. अशा पॅनेलला नवीन फिटिंगच बरं.

फिटिंग वॉरंटीत असेल तर ते उघडण्याआधी बिल शोधावं. ड्रायव्हर बदललेलं पॅनेल दुकानदार सहसा परत घेत नाही.

शहापूरच्या दुकानात वायरमनने ३६ ते ६५ व्होल्ट, ३०० एमएचा ड्रायव्हर आणून बसवला. मीटरवर ५६ व्होल्ट आले, करंट ०.२९६ अँपिअर. दहा मिनिटं, मग तासभर चालवून पाहिलं. लुकलुक नाही. ड्रायव्हरला लागले दीडशेच्या आतबाहेर रुपये. नवीन पॅनेल त्याच्या तिप्पट पडलं असतं, आणि ते सहा घ्यावे लागले असते.

“आता बाकीचे पाचही जातील काय रे?” बाईंनी विचारलं.

“जातील की ओ, काकू, एकाच दिवशी बसवलेत सगळे. पण पॅनेल नाही जायचं, ड्रायव्हर जाईल.”

त्याने जुना ड्रायव्हर टाकला नाही. त्यावरचं लेबल वर येईल असा तो मशीनच्या खणात, बॉबिनच्या डबीशेजारी ठेवून दिला. पुढच्या वेळी दुकानदाराला दाखवायला तेवढं पुरे.